बेल वाजली की आत पळणारी छोटी: एक प्रकरण अभ्यास

घरात तिला सगळे छोटी म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. वय चार वर्षं दोन महिने. आईवडील, आजीआजोबा आणि ती असं पाच माणसांचं घर. घरच्यांशी अखंड बडबड, स्वतःची गाणी रचून म्हणणं, आजोबांना गोष्ट सांगता सांगता मध्येच बदलून टाकणं, सगळं व्यवस्थित. पण बेल वाजली की हातातलं खेळणं तिथेच टाकून ती आतल्या खोलीत पळते, आणि दाराच्या फटीतून एक डोळा तेवढा बाहेर दिसतो. कुणी तिला धरून पुढे आणलंच तर ती आईच्या पायांत तोंड खुपसते.

मी तिची बालवर्गाची शिक्षिका. तिची आई मला भेटायला आली ती चिडून आणि थोडी दुखावून. तिचा प्रश्न सरळ होता, "शाळेत पाहुणे आले की ती छान नमस्कार म्हणते असं तुम्ही म्हणता. मग घरीच का नाही? मुद्दाम करते का?" सासूबाई म्हणत होत्या की लाडाने बिघडली आहे, वडील म्हणत होते की मोठी झाली की येईल आपोआप. तिघांच्या तीन समजुती, आणि छोटी रोज एका वेळी या तिन्हींना सामोरी जात होती.

मी आईला लगेच काही उपाय सांगितला नाही. पुढचे दोन आठवडे कुणीही घरी आलं तर पहिल्या मिनिटात काय घडलं तेवढं लिहून ठेवा, म्हटलं. कोण आलं, छोटी कुठे होती, मोठ्यांपैकी कोण काय बोललं, आणि पंधरा मिनिटांनी छोटी कुठे होती. मुलाने काय केलं हे सगळेच सांगतात, पण आपण काय बोललो हे कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून ते लिहायला लावलं.

दोन आठवड्यांत सात जण आले. आईची वही वाचताना दोन गोष्टी अगदी उठून दिसल्या. वडिलांचे एक जुने मित्र आले त्या भेटीत पहिल्या मिनिटात छोटीला नऊ सूचना मिळाल्या होत्या, तीन वेगवेगळ्या तोंडांनी. "ये इकडे." "काय म्हणायचं काकांना?" "बोल ना." "अगं, कालच शिकवलं ना तुला?" "लाजतेस काय?" आणि शेवटी पाहुण्यांचं, "बोलत नाही का ही?" त्या दिवशी छोटी पाहुणे जाईपर्यंत बाहेर आलीच नाही. दुसरी नोंद याच्या अगदी उलट. नळ दुरुस्त करायला एक गृहस्थ आले होते. त्यांच्यासमोर छोटीने काही म्हणावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती, त्यामुळे तिला कुणी काही सांगितलंच नाही. दहा मिनिटांनी ती आपणहून बाहेर आली, थोड्या अंतरावर उभी राहून त्यांचा पाना बघत राहिली, आणि मग त्यांना स्वतःची खेळण्यातली हातोडी दाखवून गेली.

म्हणजे नवख्या माणसाशी संबंध जोडता येत नाही, असं नव्हतंच. तिला वेळ लागत होता, आणि तो वेळ मिळायच्या आत तिच्याकडून फळाची अपेक्षा होत होती. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दोघांनी न्यू यॉर्कमध्ये १९५६ पासून काही मुलांचा स्वभाव लहानपणापासून वर्षानुवर्षं पाहिला. त्यांच्या अभ्यासात साधारण पंधरा टक्के मुलं अशी निघाली की नवी जागा, नवा माणूस समोर आला की आधी मागे सरतात, आणि दबाव नसेल तर हळूहळू पुढे येतात. अशा मुलाचं मागे सरणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. दार उघडतं तो क्षण मात्र त्याच्यासाठी सगळ्यात अवघड असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण त्याच्याकडून सगळ्यात नीट वागण्याची अपेक्षा धरतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासली. शाळेत छोटी माझ्याशी, मदतनीस मावशींशी आणि तिच्या दोन मैत्रिणींशी बोलते का? बोलत होती. तहान लागली, लागलं-खुपलं तर सांगत होती. घरी मोकळं बोलणारं मूल शाळेत किंवा बाहेर महिनाभराहून जास्त काळ अजिबातच बोलत नसेल, तर तो निव्वळ लाजाळूपणा समजून थांबू नये. (शाळेचा पहिला महिना यात धरायचा नाही, तो सगळ्यांनाच जड जातो.) त्याला निवडक मूकता म्हणतात, ती चिंतेतून येते, आणि तिथे मानसतज्ज्ञांची मदत घ्यायला हवी. ऐकू नीट येतं का हेही बघून घ्यावं. छोटीच्या बाबतीत यातलं काही नव्हतं, म्हणून आम्ही शिकवण्याच्या वाटेने गेलो.

काय शिकवायचं ते आधी ठरवलं

"नीट नमस्कार कर" ही सूचना मोठ्यांना एक वाटते, पण मुलासाठी त्यात तीन वेगळी कामं असतात. आलेल्या माणसाकडे तोंड करायचं. काहीतरी खूण करायची किंवा शब्द म्हणायचा. आणि समोरून उत्तर येईपर्यंत तिथेच थांबायचं. मुलं बहुतेक वेळा तिसऱ्यात चुकतात. शब्द फेकतात आणि पळतात, मग मोठी माणसं म्हणतात, "नीट म्हण." मुलाला कळत नाही नीट म्हणजे काय, कारण शब्द तर त्याने म्हटलेला असतो.

आम्ही हे तीन तुकडे सुटे केले. डोळ्यांत बघायचा आग्रह आईला सोडायला लावला. माणसाच्या दिशेने तोंड वळलं, नजर हनुवटीवर असो की चष्म्यावर, तेवढं पुरे. खुणेचे दोन पर्याय ठेवले: हात हलवणं किंवा "नमस्कार" म्हणणं. कुठलाही एक केला तरी स्वागत पूर्ण झालं. आणि एक गोष्ट आईला फार महत्त्वाची वाटली नव्हती, पण मला वाटत होती. उत्तर आलं की छोटीला तिथून जायची मुभा. स्वागत केलं म्हणजे आता गाणं म्हणून दाखव, कितवीत आहेस सांग, असा पुढचा सगळा कार्यक्रम गळ्यात पडणार असेल, तर मूल सुरुवातच करणार नाही. आपणही कराल का?

घरासाठी जो क्रम ठरला तो असा होता. कोण येणार हे छोटीला आधी सांगायचं, शक्य असेल तर फोनमधला फोटो दाखवून: "हे बाबांचे मित्र, यांचा आवाज जरा मोठा आहे." बेल वाजली की छोटीने आईच्या उजव्या हाताला, तिचं बोट धरून उभं राहायचं. कुठे उभं राहायचं हे ठरलेलं असलं की पळायचं कारण अर्धं कमी होतं. दार उघडल्यावर आईने स्वतः आधी "नमस्कार, या" म्हणायचं, छोटीला ऐकू जाईल अशा आवाजात. आणि मग गप्प बसायचं. मनात पाच अंक मोजायचे.

हे गप्प बसणं आईला सगळ्यात जड गेलं. मेरी बड रो या अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गांतली संभाषणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारून शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं आढळलं. तीन सेकंद थांबू लागल्यावर एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. मी हे आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "पण ताई, पाहुण्यांसमोर पाच सेकंद म्हणजे युग वाटतं हो." वाटतं खरं. म्हणून त्या वेळात काय करायचं तेही ठरवून दिलं: पाहुण्यांच्या हातातलं सामान घ्यायचं, चपला कुठे काढायच्या ते दाखवायचं. छोटीकडे बघायचं नाही.

पाच अंक झाले आणि छोटीने काहीच केलं नाही, तर आईने एकच वाक्य म्हणायचं, "आम्हा दोघींकडून नमस्कार," आणि पाहुण्यांना आत घ्यायचं. नंतर टोमणा नाही, उजळणी नाही, "आज का नाही म्हणालीस" नाही. स्वागत तर झालंच, ते या वेळी आईने दोघींसाठी केलं.

आणि "काय म्हणायचं?" हा प्रश्न घरात बंद. तो का बंद करायचा हे आजींना पटवणं अवघड होतं, कारण जगभर मोठी माणसं तेच करतात. एस्थर ग्रीफ आणि जीन बर्को ग्लीसन यांनी १९८० साली बावीस लहान मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. भेटताना, वस्तू घेताना आणि निरोप देताना मुलं काय म्हणतात हे त्यांनी पाहिलं. मुलांनी आपणहून हे शब्द म्हणणं कमी, आणि आईवडिलांनी म्हणायला लावणं भरपूर, असं त्यात दिसलं. म्हणजे आठवण करून देणं साहजिकच आहे. पण छोटीच्या घरी ती आठवण राहिलीच नव्हती, तो चार माणसांसमोरचा तोंडी परीक्षेचा प्रश्न झाला होता. आणि ज्या मुलाला प्रश्न विचारल्यावरच उत्तर द्यायची सवय लागते, ते प्रश्नाचीच वाट बघत बसतं.

कपाटाच्या दारात

खरा पाहुणा येण्याआधी आठवडाभर खेळ झाला. कपाटाचं दार हे घराचं दार. बाहुल्या पाहुण्या. पहिल्या दिवशी आई घरची, छोटी पाहुणी. दुसऱ्या दिवशी उलट करायचं होतं, पण छोटीने स्वतःच वेगळी वाटणी केली: "मी पाहुणी, तू छोटी हो. आणि तू लप."

आई पलंगाआड लपली. छोटीने कपाटाचं दार वाजवलं, आत आली, कमरेवर हात ठेवले आणि आजींच्या अगदी हुबेहूब स्वरात म्हणाली, "बोलत नाही का ही? काय म्हणायचं असतं? शी बाई, लाजाळूचं झाड!"

आईने हे मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. पाहुणा येणं म्हणजे काय, याचं छोटीच्या मनातलं चित्र तिने आम्हाला उघडून दाखवलं होतं. तिच्या लेखी पाहुणा म्हणजे आपल्याबद्दल बोलणारा माणूस. आईने हा प्रसंग आजींनाही सांगितला, न रागावता, जसा घडला तसा. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यानंतर "लाजाळू" हा शब्द त्या घरात ऐकू आला नाही, असं आईने दोन महिन्यांनी सांगितलं. कुणी पाहुण्याने विचारलंच, "लाजते का?" तर आजीच म्हणू लागल्या, "ओळख व्हायला तिला थोडा वेळ लागतो." वाक्य साधं आहे, पण पहिल्या शब्दाने मुलावर शिक्का बसतो आणि या वाक्याने पाहुण्याला थांबायला सांगितलं जातं.

त्यानंतर खरी माणसं. खालच्या मजल्यावरच्या एक बाई रोज संध्याकाळी दोन मिनिटं यायला तयार झाल्या. त्यांनाही काम नेमून दिलं होतं: दारात वाकून छोटीच्या तोंडाशी तोंड न्यायचं नाही, गालाला हात लावायचा नाही, नाव विचारायचं नाही. छोटीने काहीही केलं, बोट हलवलं तरी, लगेच "नमस्कार छोटी" म्हणायचं आणि आईशी बोलायला लागायचं. पहिले तीन दिवस आईच्या मागून एक हात वर झाला, चेहरा दिसला नाही. चौथ्या दिवशी चेहरा दिसला. सहाव्या दिवशी शब्द आला, जेमतेम ऐकू जाईल इतका. नवव्या दिवशी बेल वाजल्यावर छोटी आईच्या आधी दाराशी पोचली.

आईने मला आनंदाने फोन केला. त्याच रविवारी वडिलांचे एक सहकारी आले आणि छोटी पुन्हा आतल्या खोलीत.

दुसऱ्या माणसाची गरज

शिकवणं इथे बहुतेक घरांत सुटतं. "शिकवलं होतं, येत होतं, पण वेळेला करत नाही" असं म्हणून आपण पुन्हा मुलाच्या हट्टावर येतो. खरं तर छोटी जे शिकली होती ते अगदी नीट शिकली होती. ती शिकली होती की खालच्या मावशी संध्याकाळी आल्या की हे करायचं. पाहुणा ही कल्पना तिच्या मनात अजून तयार झालीच नव्हती, कारण आम्ही तिला एकच पाहुणा दिला होता.

याच विषयावर स्टोक्स, बेअर आणि जॅक्सन या तिघांनी १९७४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. संस्थेत राहणाऱ्या, बौद्धिक विकास मंद असलेल्या चार मुलांना त्यांनी हात हलवून स्वागत करायला शिकवलं. एकाच माणसाने शिकवलं तेव्हा, ते कौशल्य चांगलं बसल्यावरही, बहुतेकांनी इतर कर्मचाऱ्यांसमोर हात हलवला नाही. दुसऱ्या माणसाने तेच शिकवायला घेतल्यावर मात्र मुलं वीसहून जास्त कर्मचाऱ्यांना हात हलवू लागली, आणि त्यांपैकी कुणी त्यांना शिकवलेलं नव्हतं. ती मुलं आणि छोटी यांची परिस्थिती वेगळी आहे, पण ज्यावर गाडी अडते ती जागा मला प्रत्येक बालवर्गात दिसली आहे. एका माणसाबरोबर शिकलेलं स्वागत त्या माणसापाशी राहतं.

म्हणून आम्ही दुसरा पाहुणा मुद्दाम वेगळा निवडला. पहिल्या बाई मृदू बोलणाऱ्या आणि रोज संध्याकाळी येणाऱ्या होत्या. दुसरे एक आजोबांचे स्नेही, दाढीवाले, खर्जातल्या आवाजाचे, सकाळी येणारे. त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्या पायरीवर जावं लागलं, आईच्या मागून नुसता हात. पण या वेळी शब्द चौथ्याच दिवशी आला. तिसरी पाहुणी आईची मैत्रीण, तिच्याबरोबर तिचं बाळ. तिथे पहिल्याच भेटीत छोटीने हात हलवला, बाळाला आधी आणि मावशीला नंतर.

मधल्या काळात दोन चुका झाल्या, त्या सांगायला हव्यात.

पहिली अगदी क्षुल्लक वाटेल. दाढीवाल्या आजोबांना छोटी एकदा आपणहून म्हणाली, "ये!" घरच्या आजीला ती तसंच म्हणते. आईच्या तोंडून पटकन निघालं, "ये नाही, या म्हणावं मोठ्यांना." बोलणं चुकीचं नव्हतं, वेळ चुकली. छोटीने हातातला शब्द जणू परत आत ओढून घेतला, आणि पुढचे चार दिवस नुसता हात वर झाला. ये आणि या यांतला फरक आम्ही नंतर कपाटाच्या दारात, बाहुल्यांच्या खेळात शिकवला: लहान बाहुलीला ये, मोठ्या बाहुलीला या. तिथे चुकण्याची तिला मजाच वाटत होती. दारात आईने एवढंच करायचं ठरलं की छोटीने "ये" म्हटलं तर आपण पाठोपाठ "या, या" म्हणायचं. चूक दाखवायची नाही, बरोबर शब्द कानावर पडू द्यायचा.

दुसरी चूक ताऱ्यांची. आजोबांनी प्रेमाने एक कागद भिंतीला लावला, प्रत्येक नमस्काराला एक चिकट तारा. तीन दिवसांत नमस्कार वाढले. पण छोटी शब्द म्हणून लगेच पाहुण्यांकडे पाठ फिरवायची आणि आजोबांना विचारायची, "तारा?" स्वागताचा तिसरा तुकडा, उत्तर येईपर्यंत थांबणं, नाहीसाच झाला. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. चित्र काढायला मनापासून आवडणाऱ्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं, तर पुढे त्याच चित्रांतली त्यांची गोडी कमी झाली. छोटीला तर अजून गोडी लागायची होती. कागद आम्ही गाजावाजा न करता काढला. त्याच्या जागी पाहुणे गेल्यावर आई किंवा आजोबा एखादं खरं वाक्य म्हणू लागले, "तू हात हलवलास ना, ते आजोबा हसले बघ." या वाक्याने तिचं लक्ष पुन्हा समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर गेलं.

आणि शाळेत मी काय करत होते

आता माझ्या बाजूचं. "शाळेत छान म्हणते" असं मी आईला सांगितलं होतं. माझ्या वर्गात चोवीस मुलं. पाहुणे आले की मी हात वर करायचे, मुलं उभी राहायची आणि एका सुरात, लांबवून, "न-म-स्का-र" म्हणायची. छोटीही त्यात असायची.

घरचं काम सुरू झाल्यावर मी एकदा ठरवून दाराशी, पाहुण्यांच्या बाजूला उभी राहिले आणि तिथून हात वर केला. चोवीसांपैकी पाहुण्यांकडे बघणारी मुलं मोजून पाच. बाकीच्यांचे डोळे माझ्या हातावर. छोटीचे ओठ हलत होते, नजर शेजारणीच्या बुटांवर होती. मुलं पाहुण्याचं स्वागत करतच नव्हती, माझ्या हाताला उत्तर देत होती. मी इतकी वर्षं या सामूहिक सुराचं कौतुक ऐकत आणि मिरवत आले होते, आणि एकाही मुलाला त्यातून स्वागत शिकवलं नव्हतं. मला याचं फार वाईट वाटलं, आणि वाटायलाच हवं होतं.

तो सूर मी बंद केला. रोज दोन मुलांची "दाराची पाळी" ठेवली. बाहेरून कुणी आलं, मग ते मुख्याध्यापक असोत, हजेरी न्यायला येणारे शिपाईकाका असोत की कुणाची आई असो, पाळीच्या मुलांनी उठून दाराशी जायचं, त्यांच्याकडे बघून नमस्कार म्हणायचा, आणि "ताईंना सांगतो" म्हणून मला येऊन सांगायचं. बाकीच्या मुलांनी आपलं काम चालू ठेवायचं. या पाळीत एक चांगली गोष्ट आपोआप आली. स्वागताला एक निमित्त मिळालं, निरोप पोचवण्याचं. नुसतं "चांगलं वाग" यापेक्षा "हे काम तुझं" हे लहान मुलाला फार लवकर कळतं.

छोटीला पहिल्यांदा मी वर्गातल्या सगळ्यात बोलक्या मुलीबरोबर पाळी दिली, आणि फसले. ती मुलगी दोघींचं सगळं बोलून मोकळी व्हायची, छोटी तिच्या मागे निवांत. पुढच्या पाळीला एक शांत, संथ मुलगा जोडीला दिला. दोघं दाराशी जाऊन नुसतेच उभे राहिले. शिपाईकाकांना मी आधी सांगून ठेवलं होतं, तेही थांबले. मला वाटतं सात-आठ सेकंद गेले असतील. मग मुलाने हात हलवला, आणि छोटी म्हणाली, "ताईंना सांगते." नमस्कार म्हणायची ती विसरली, पण तिने त्यांच्याकडे बघितलं होतं आणि त्यांचं उत्तर ऐकूनच ती वळली. सुरातल्या शंभर नमस्कारांपेक्षा मला ते जास्त मोलाचं वाटलं.

घर आणि शाळा यांत एवढंच साम्य राखलं होतं: तेच तीन तुकडे, तोच पाच अंकांचा थांबा, आणि "काय म्हणायचं?" दोन्हीकडे बंद. शब्द वेगळे असले, उभं राहायची जागा वेगळी असली तरी चालतं. पण घरी थांबणारे आणि शाळेत ढोसणारे, किंवा उलट, असं असलं की मूल दोन वेगळ्या गोष्टी शिकतं.

जास्त शिकल्यावर

सातव्या आठवड्यात आईचा घाबरून फोन आला. ती स्वयंपाकघरात असताना बेल वाजली आणि छोटीने स्टूल ओढून, कडी काढून, एका पूर्ण अनोळखी माणसाचं नमस्कार म्हणून स्वागत केलं होतं. पार्सल देणारा माणूस होता, भला होता. पण चूक आमची. दाराशी धावणं आम्हीच कौतुकाने वाढवलं होतं आणि दार कुणी उघडायचं हे शिकवलंच नव्हतं. हे पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं. त्यानंतर खेळातही आणि खऱ्यातही एक नियम आला: दार मोठं माणूस उघडतं, स्वागत छोटी करते. आणि घराबाहेर, सोबतच्या मोठ्या माणसाने आधी नमस्कार केला तरच आपण करायचा. अनोळखी माणसाशी बोललं नाही म्हणून तिला कुणी असभ्य म्हणणार नाही, हेही तिला स्पष्ट सांगितलं.

याला लागूनच स्पर्शाचं. एक नातेवाईक बाई आल्या की मुलांना ओढून घेऊन पापी घेतात. छोटी त्यांच्यासमोर पुन्हा पळू लागली होती. आईने धीर करून दारातच हसून म्हटलं, "मावशी, छोटी हात हलवून भेटते हं." मावशींना ते लागलं असावं, पण त्यांनी हात हलवला. छोटीनेही हलवला आणि त्या दिवशी ती बाहेरच खेळत राहिली. स्वागत करणं मुलाचं काम आहे, अंगाला हात लावू देणं त्या कामात येत नाही. या दोन गोष्टी एकत्र बांधल्या की मूल दोन्ही टाळतं.

एक प्रसंग मोठ्यांच्या वागण्याचा. छोटीने नमस्कार म्हटलं आणि पाहुणे फोनवर बोलतच आत शिरले. छोटी तिथेच उभी राहिली, शिकवल्याप्रमाणे, उत्तराची वाट बघत. आईने पाहुण्यांच्या दंडाला हलकेच स्पर्श करून सांगितलं, "छोटीने तुम्हाला नमस्कार केलाय." त्यांनी फोन खाली घेऊन तिला उत्तर दिलं. आईने हे केलं म्हणून मला तिचा अभिमान वाटतो. बहुतेक घरांत याच्या उलट घडतं, मुलाला सांगतात, "काका कामात आहेत, जा आत."

बाराव्या आठवड्यात आईने पुन्हा दोन आठवड्यांची वही लिहिली. नऊ भेटी. सहांत छोटीने आपणहून हात हलवला किंवा नमस्कार म्हटलं. एकात ती नुकती झोपेतून उठली होती, तिथे आईने दोघींकडून म्हटलं. उरलेल्या दोन वेळा घरात एकदम दहा-बारा माणसं आली होती, आणि तेव्हा ती अजूनही आत जाते. पंधरा-वीस मिनिटांनी येते, ओळखीचं एखादं माणूस शोधते आणि त्याच्याजवळ बसते. गर्दीसाठी आम्ही एवढंच करतो की कार्यक्रम असेल तर ती पहिला पाहुणा यायच्या आधीपासून बाहेरच्या खोलीत असते. भरलेल्या खोलीत शिरण्यापेक्षा रिकाम्या खोलीत बसून ती भरताना पाहणं तिला सोपं जातं.

या नऊ भेटींच्या नोंदींत एक गोष्ट मला पहिल्या वहीतच दिसायला हवी होती. निरोप देताना छोटी नऊपैकी नऊ वेळा दाराशी आली होती. मग मी जुनी वही पुन्हा काढली. तिथेही सातपैकी चार वेळा, काही शिकवण्याआधी, पाहुणे निघताना तिने हात हलवला होता. आईने ते कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं आणि मी ते वाचून पुढे गेले होते. पाहुणा निघेपर्यंत ओळख झालेली असते, भीती ओसरलेली असते, आणि तो जाणार हेही ठरलेलं असतं. तोंड वळवणं, खूण करणं, उत्तराची वाट बघणं हे तिन्ही तुकडे निरोपातही तेच असतात.

सध्या माझ्या वर्गात असाच एक मुलगा आहे. त्याच्या घरी मी सांगितलंय की पहिले तीन आठवडे पाहुणे येताना त्याला खेळू द्या, आत जायचं असेल तर जाऊ द्या. पाहुणे निघाले की मात्र त्याला दाराशी बोलवा.